सल्ला सदर: बारा वर्षांची भीती आणि तीन वर्षांची मुदत

वाचकाचं पत्र

वडील 2010 साली गेले, आई त्याआधीच. मृत्युपत्र नव्हतं. गावाकडच्या साडेपाच एकरांवर 2011 मध्ये वारस म्हणून भावाचं आणि माझं नाव लागलं. 2012 मध्ये ‘पीक कर्जाला दोघांच्या सह्या लागतात’ असं सांगून भावाने मला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. मी न वाचता सही केली. 2018 पर्यंत तो दरवर्षी पिकातले काही पैसे देत असे, मग दुष्काळाचं कारण सांगून बंद केले. 12 जून 2024 रोजी मी ऑनलाइन सातबारा पाहिला, तर माझं नाव गायब. डिसेंबर 2023 मध्ये फेरफार झाला होता आणि त्यात 2012 च्या हक्कसोडपत्राचा उल्लेख होता. त्याची नक्कल मला 5 ऑगस्ट 2024 ला मिळाली. भाऊ म्हणतो, ‘वडिलांना जाऊन बारा वर्षं उलटली, आता कोर्टात काही होत नाही.’ आता तो दोन एकर विकायच्या गोष्टी करतोय. मी प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध अपील केलं आहे. निकाल लागेपर्यंत थांब, असं सगळे सांगतात. खरंच उशीर झाला आहे का?

— एक बहीण

उत्तर

ताई, ज्या बारा वर्षांची तुम्हाला भीती घातली जाते आहे, ती अजून संपलेली नाहीत. माझ्या मते नीटशी सुरूही झालेली नाहीत. पण तुमच्या पत्रात दुसरी एक मुदत आहे, तीन वर्षांची. ती आज चालू आहे आणि तिच्याबद्दल तुम्हाला कुणी काहीच सांगितलेलं दिसत नाही.

आधी भावाचं म्हणणं तपासू. वडील गेल्यापासून बारा वर्षं मोजायची, ही समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात प्रत्येक प्रकारच्या दाव्यासमोर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: मुदत किती आणि ती कधीपासून मोजायची. लोक पहिली पाठ करतात आणि दुसरी विसरतात. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून ज्याला वगळलं त्याने वाटा मागण्याचा दावा अनुच्छेद 110 खाली येतो. मुदत बारा वर्षं, पण ती वगळल्याचं त्याला कळलं त्या दिवसापासून. मालकीच्या जोरावर ताबा मागायचा असेल तर अनुच्छेद 65 लागतो. तिथेही बारा वर्षंच, पण समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात गेला त्या दिवसापासून. वडिलांच्या मृत्यूची तारीख या दोन्ही ठिकाणी नाही.

मग भावाचा ताबा तुमच्या विरोधात कधी गेला? वारसांपैकी एकजण जमीन कसतो तेव्हा तो सगळ्यांच्या वतीने कसतो, असं कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली पी. लक्ष्मी रेड्डी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि तेव्हापासून न्यायालयं हेच तत्त्व वापरत आली आहेत. नुसतं एकट्याने कसणं, एकट्याने शेतसारा भरणं, एकट्याने पीक विकणं यातून बहिणीचा हक्क जात नाही. ‘हे माझं एकट्याचं आहे, तुझा संबंध नाही’ हे त्याने उघडपणे आणि तुम्हाला कळेल अशा रीतीने सांगितलं किंवा दाखवलं पाहिजे. तिथून बारा वर्षं सुरू होतात.

तुमच्या बाबतीत 2011 ते 2023 सातबारावर तुमचं नाव होतं आणि 2018 पर्यंत पैसेही येत होते. म्हणजे तेव्हापर्यंत तो तुम्हाला हिस्सेदार मानत होता, हे त्याच्याच वागण्यातून दिसतं. 2018 मध्ये पैसे थांबले, पण उत्पन्नातला वाटा न देणं म्हणजे हक्क नाकारणं नव्हे, विशेषतः कारण दुष्काळाचं दिलेलं असताना. त्या वर्षी ‘तुझं काही नाही’ असं भाऊ तोंडावर म्हणाला होता का, हे मात्र स्वतःशी नीट आठवून पाहा. म्हणाला असला तरी बारा वर्षं 2030 पर्यंत जातात.

आता तीन वर्षांकडे येऊ. भावाच्या हातात नोंदणी झालेला एक कागद आहे आणि त्यावर तुमची सही आहे. तो कागद उभा आहे तोवर वाटपाच्या दाव्याला तो एकच उत्तर देईल: ‘हिने हक्क सोडला आहे.’ म्हणून त्या कागदालाच आव्हान द्यावं लागतं. एखादा दस्त रद्द करून मागायचा असेल तर अनुच्छेद 59 लागू होतो. मुदत तीन वर्षं, आणि ज्या गोष्टींमुळे तो दस्त रद्द होऊ शकतो त्या तुम्हाला पहिल्यांदा कळल्या तिथपासून.

यात ‘पहिल्यांदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही दोन तारखा दिल्या आहेत. बहुतेक जण सोयीची, म्हणजे नंतरची तारीख धरतात: ‘नक्कल 5 ऑगस्टला हातात आली, तेव्हाच खरं कळलं.’ असं करू नका. 12 जून 2024 ला तुम्ही फेरफाराची नोंद वाचली आणि आपल्या नावाने हक्कसोडपत्र झालं आहे हे तुम्हाला त्या दिवशी समजलं. समोरचा वकील तीच तारीख धरणार. मोजणीत सुरुवातीचा दिवस सोडतात, म्हणजे शेवटचा दिवस 12 जून 2027. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, हे खरं आहे. पण इतक्या कडेला जाऊन उभं राहू नका.

याहून आधीची एखादी तारीख निघू शकते का, तेही आजच बघून ठेवा. फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस काढावी लागते. डिसेंबर 2023 च्या फेरफाराची ती नोटीस कुणी घेतली? तलाठी किंवा तहसील कार्यालयातून फेरफाराच्या सगळ्या कागदांच्या नकला मागवा आणि नोटिशीवरची सही बघा. ती तुमचीच असेल, घाईत कुठल्यातरी कागदावर केलेली, तर तुम्हाला तेव्हाच कळलं असा युक्तिवाद होणार. मग मुदत 2026 अखेरच संपू शकते. सही तुमची नसेल, तर तोच कागद तुमच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा होईल. दोन्ही शक्यतांत तो आधी तुमच्या हातात असायला हवा.

समोरून सर्वांत जोरदार हल्ला 2012 वर होईल. ‘ही स्वतः निबंधकासमोर बसली, फोटो काढला, अंगठा दिला, दस्त कबूल केला. हिला त्याच दिवशी सगळं माहीत होतं. तीन वर्षं 2015 मध्ये संपली.’ हा युक्तिवाद हलका नाही. नोंदणीकृत दस्त खरा आहे असंच न्यायालय सुरुवातीला धरतं आणि फसवणूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. पण तुमच्या बाजूने मुदतीच्या कायद्याचं कलम 17 आहे. फसवणूक झाली असेल तर ती कळेपर्यंत, किंवा रास्त काळजी घेतली असती तर कळू शकली असती तोपर्यंत, मुदत सुरू होत नाही. या कलमाचा दुसरा अर्धा भाग लोक वाचत नाहीत. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं पुरत नाही. ‘मला माहीत व्हायचं कारणही नव्हतं’ हे दाखवावं लागतं.

ते तुमच्याकडे आहे आणि त्याची किंमत तुमच्या लक्षात आलेली नाही असं पत्रावरून वाटतं. भावाने 2012 चा दस्त अकरा वर्षं फेरफाराला लावलाच नाही. हक्क खरोखर समजून-उमजून सोडला असेल तर लोक महिन्या-दोन महिन्यांत नाव कमी करून घेतात. तुमचं नाव 2023 पर्यंत सातबारावर होतं आणि दस्तानंतर सहा वर्षं पैसेही येत होते. ज्या बाईला आपलं नाव उताऱ्यावर दिसतं आहे, तिने निबंधक कार्यालयात जाऊन आपल्याच नावाचे जुने दस्त का शोधावेत? हा प्रश्न न्यायालयापुढे ठेवता येतो.

इथे एक काम तुम्हालाच करावं लागेल. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत किंवा बँकेत चौकशी करा. 2012 मध्ये पीक कर्ज खरंच घेतलं होतं का? नसेल, तर सही घ्यायचं सांगितलेलं कारणच खोटं ठरतं. आणि 2012 नंतरच्या एखाद्या वर्षी कर्जाच्या कागदांवर सहहिस्सेदार म्हणून तुमची सही घेतलेली सापडली, तर ज्याने हक्क सोडला त्याची सही कशाला लागली, याचं उत्तर भावाला द्यावं लागेल. पैसे बँकेतून आले असतील तर 2012 ते 2018 च्या खात्याचा उतारा काढा. हातात दिले असतील तर कुणासमोर दिले ते आठवून लिहून ठेवा.

या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. तो तुम्हाला कुणी सांगेल आणि त्यामुळे तुम्ही निर्धास्त व्हाल, म्हणून मीच सांगतो. फसवणूक दोन प्रकारची मानली जाते. कागद कसला आहे हेच खोटं सांगितलं, तर तो दस्त मुळातच शून्य ठरू शकतो. कागद कसला ते माहीत होतं पण आतला मजकूर किंवा परिणाम खोटा सांगितला, तर तो दस्त रद्द करून घेईपर्यंत चालू राहतो. निंगव्वा विरुद्ध बायरप्पा या 1968 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मांडला. तिथे पत्नीच्या सहीने झालेल्या बक्षीसपत्राचा वाद होता. तुम्हाला कर्जाचा कागद सांगून हक्कसोडपत्र करून घेतलं, म्हणजे तुमची बाजू पहिल्या प्रकाराकडे झुकते. मुळातच शून्य असलेला दस्त रद्द करून घ्यावा लागत नाही, आणि मग बारा वर्षांची मुदत उपलब्ध राहते, असं म्हणता येतं.

पण तुमचा दस्त कोणत्या प्रकारात बसतो हे न्यायालय दाव्याच्या शेवटी ठरवणार, साक्षी-पुरावे झाल्यावर. तुम्ही बाराच्या भरवशावर राहिलात आणि निकालात दस्त दुसऱ्या प्रकारचा ठरला, तर तीन वर्षं केव्हाच निघून गेलेली असतील. दावा तीन वर्षांच्या आत टाकला तर दस्त कोणत्याही प्रकारात बसला तरी तुम्ही मुदतीत असता. म्हणून माझा सल्ला एकच आहे: दोन मुदती लागू होऊ शकत असतील तिथे लहान मुदत आपली समजायची.

याच कारणाने, ‘हक्कसोडपत्राचा उल्लेखच करू नका, साधा वाटपाचा दावा टाका, बारा वर्षं मिळतात’ असा सल्ला मिळाला तर तो घेऊ नका. रघ्वेंद्र शरण सिंह यांच्या खटल्यात बक्षीसपत्र 1981 चं होतं आणि दावा 2003 मध्ये आला. दस्त रद्द करून मागण्याऐवजी तो नुसता दिखाऊ आहे असं ठरवून मागितलं होतं. दाव्याची मांडणी मुदत चुकवण्यासाठी केली आहे, असं म्हणत 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा पुराव्यापर्यंत जाऊच दिला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली असं करता येतं. दावा मुदतबाह्य असल्याचं अर्जावरूनच दिसत असेल, तर तो दारातच नाकारला जातो.

त्यामुळे तुमच्या दाव्यात मागण्या एकत्र असाव्यात: हक्कसोडपत्र तुमच्यावर बंधनकारक नाही असं ठरवावं, ते रद्द करावं, अर्ध्या हिश्शाचं वाटप करून ताबा द्यावा आणि तोवर विक्रीला मनाई करावी. जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, तुम्ही दोघंच वारस असल्यामुळे हिस्सा निम्माच येतो. त्या वादात वेळ घालवू नका. फसवणुकीचा परिच्छेद मात्र मोघम नको. ‘प्रतिवादीने फसवून सही घेतली’ एवढ्या एका वाक्यावर दावे पडतात. कोणत्या दिवशी, कुठे, कोण काय म्हणालं, सोबत कोण होतं, दस्त कुणी वाचून दाखवला का, मग 12 जून 2024 ला कुठल्या नोंदीवरून काय कळलं, आणि त्याआधी का कळू शकलं नाही, हे सगळं तपशिलात यायला हवं. मुदतीतून सूट मागायची असेल तर तिचं कारण अर्जातच लिहावं लागतं, असा संहितेचा नियम आहे. वकिलांनी केलेला मसुदा सही करण्याआधी या एका गोष्टीसाठी स्वतः वाचा. एका सहीने काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

आता प्रांतांकडचं अपील. ते चालू ठेवा, पण त्यासाठी थांबू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. समोर नोंदणीकृत दस्त असताना तो खरा की खोटा हे ठरवायचा अधिकार प्रांतांना नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं: ‘दिवाणी न्यायालयात दाद मागावी.’ ते उत्तर तीन वर्षांनंतर आलं तर? अपिलात गेलेला काळ वजा होईल अशी आशा लोक धरतात, कारण कलम 14 मध्ये तशी एक सवलत आहे. पण ती सवलत तोच वाद प्रामाणिकपणे चुकीच्या न्यायालयात चालवला, आणि अधिकार नसल्यामुळे तिथे निकाल होऊ शकला नाही, त्यासाठी आहे. प्रांतांना नोंद तपासायचा अधिकार आहेच, आणि तुम्ही तिथे मागितलं आहे तेही नोंद दुरुस्त करणं, दस्त रद्द करणं नव्हे. या सवलतीवर विसंबण्यासारखं काही नाही.

‘उशीर माफीचा अर्ज देऊ’ हेही ऐकाल. तो अर्ज अपिलांसाठी आणि काही अर्जांसाठी असतो. मूळ दाव्याला तो लागू नाही. दावा एक दिवस उशिरा आला आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरीही न्यायालयाने तो स्वतःहून फेटाळायचा असतो. कलम 3 तसंच सांगतं. वकिलामार्फत नोटीस पाठवल्यानेही मुदत वाढत नाही, आणि नात्यातल्या बैठकांनीही नाही. भावाशी बोलणी जरूर करा, मला तीच जास्त आवडतील. पण दावा दाखल करून मग करा. दाव्यात तडजोड कधीही होते, लोकअदालतीत ती लवकर होते, आणि तिचा हुकूमनामा पक्का असतो. दाव्याआधीची तोंडी तडजोड 2027 च्या जुलैमध्ये फिरली तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्याने फोनवर ‘अर्धं तुझंच आहे’ असा मेसेज पाठवला तर तो जपून ठेवा. तुमचा हक्क तेव्हापर्यंत नाकारला नव्हता, याचा तो पुरावा आहे. मुदत नव्याने सुरू व्हायला मात्र कायदा लेखी आणि सहीनिशी कबुली मागतो, तीही मुदत संपण्याच्या आत दिलेली.

विक्रीचं ऐकून तुमची झोप उडाली असेल. दोन एकर तिसऱ्याला गेले तर वाद तिहेरी होतो, आणि बाहेरचा माणूस तुमच्या वतीने कसतो असं कायदा मानत नाही. त्याच्या ताब्यापासून बारा वर्षं लगेच मोजायला लागतात, आणि ती उलटली तर कलम 27 प्रमाणे दाव्याबरोबर मालकीहक्कही संपतो. म्हणून दावा दाखल होताच मनाईचा अर्ज द्या. सोबत दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. वकील तिला लिस पेंडन्स म्हणतात. महाराष्ट्रात ही नोंदणी केली नाही तर ‘दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाला बांधील’ हा नियम खरेदीदाराविरुद्ध तुमच्या कामी येत नाही. हे पाऊल पुष्कळांकडून राहून जातं.

तुमच्यासारख्या इतर बहिणींच्या तारखा वेगळ्या असतील. कुणाला दस्ताची माहिती 2019 किंवा 2020 मध्ये झाली असेल, तर कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता, पण तो धरूनही त्यांची तीन वर्षं 2025 च्या सुरुवातीपर्यंत संपली आहेत. सही घेतली तेव्हा जी अल्पवयीन होती, तिची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजतात, पण तिथेही तीन वर्षांहून जास्त सवलत नाही. आणि जिला भावाने दहा-अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत ‘तुझा हिस्सा नाही’ असं ठणकावलं होतं आणि जी तेव्हापासून गप्प आहे, तिने हे वाचून झाल्यावर लगेच वकील गाठावा. तिची बारा वर्षं खरोखर संपत आली आहेत.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना सोबत हे न्या: 2011 आणि 2023 च्या दोन्ही फेरफारांच्या नकला, त्यांच्या नोटिसा, हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत, 2011 पासूनचे सातबारा उतारे, बँकेचा उतारा, आणि एका कागदावर तारीखवार लिहिलेली हकिगत. त्या कागदावर सर्वांत वर 12 जून 2024 लिहा आणि नोटिशीवर तुमची सही निघाली तर त्याच्याही वर ती तारीख.